कोकम आगळाच्या व्हिडिओचे वर्णन : बचत गटासाठीच्या व्याख्यानाच्या प्रकल्प नोंदी

११ एप्रिल

गोव्यातील पेडणे तालुक्यातील एका महिला बचत गटाने मला मे महिन्यातील त्यांच्या बैठकीत तासाभराचे व्याख्यान देण्यास सांगितले आहे. गट कोकमाचे आगळ म्हणजे खारट रस, सोलां म्हणजे वाळवलेल्या साली, मिरचीपूड आणि पापड तयार करतो. गटातील महिलांनी फोनवर या वस्तूंचे बरेच व्हिडिओ काढून यूट्यूबवर ठेवले आहेत. परंतु ते पाहणारे बहुतेक नातेवाईक आणि शेजारीच आहेत. ज्याला आगळ विकत हवे आहे आणि जो फोनवर ते शोधत आहे, त्याच्यापर्यंत यातला एकही व्हिडिओ पोचत नाही, ही गटाची अडचण आहे. कोकमाचा हंगाम सुरू झाला आहे आणि पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, खरेदीचे दिवस जवळ येत आहेत, त्यामुळे काम याच महिन्यात व्हायला हवे.

व्याख्यानात सगळ्या वस्तू आणि सगळी माध्यमे घेण्याऐवजी फक्त आगळाचा एकच व्हिडिओ घ्यायचा आणि त्याचे शीर्षक व वर्णन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सर्वांसमोर लिहून दाखवायचे, असे मी ठरवले. एक वर्णन व्यवस्थित लिहिता आले की सोलां आणि पापड यांची वर्णने महिला स्वतः लिहू शकतील. दुसरा कोणी असेच व्याख्यान देणार असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१४ एप्रिल

गटाच्या अध्यक्ष ताईंच्या घरी बसून चॅनेलवरचे सर्व व्हिडिओ तपासले. शब्दांकडे वळण्यापूर्वीच दोन मोठ्या अडचणी सापडल्या.

पहिली अशी की निम्म्याहून अधिक व्हिडिओ `Unlisted` ठेवलेले होते. ताईंची समजूत अशी होती की लिंक पाठवल्यावर व्हिडिओ उघडतो, म्हणजे तो सर्वांसाठी खुला आहे. प्रत्यक्षात `Unlisted` व्हिडिओ फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसतो आणि शोधात सहसा येत नाही. अशा व्हिडिओचे शीर्षक कितीही चांगले लिहिले तरी त्याचा उपयोग शून्य. हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओंच्या यादीतील `Visibility` हा रकाना पाहणे. तेथे `Public` असल्याशिवाय पुढचे काम करण्यात अर्थ नाही. मात्र सर्व व्हिडिओ सरसकट खुले करू नयेत, कारण त्यातील दोन व्हिडिओंत घरातील लहान मुले आणि घराचा पत्ता दिसत होता. ते तसेच बंद ठेवले.

दुसरी अडचण व्हिडिओच्या आकाराची आहे. फोन उभा धरून काढलेला तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ यूट्यूब `Shorts` म्हणून घेते. शॉर्ट्सच्या वर्णनात लिहिलेली लिंक दाबता येत नाही आणि त्याखालील प्रतिक्रियांत दिलेली लिंकही दाबता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून हा नियम लागू आहे. गटाने प्रत्येक वर्णनात व्हॉट्सअ‍ॅपची लिंक न चुकता टाकली होती, पण खरेदीदाराने तिच्यावर बोट ठेवल्यास काहीही घडत नव्हते. म्हणून व्याख्यानासाठीचा मुख्य व्हिडिओ फोन आडवा धरून नव्याने काढायचे ठरले. आडवा व्हिडिओ कितीही छोटा असला तरी तो शॉर्ट्समध्ये जात नाही.

शीर्षकांविषयी एवढेच नोंदवतो की आगळाच्या व्हिडिओचे शीर्षक ‘आमचे नवीन प्रॉडक्ट, सर्वांनी बघा व शेअर करा’ असे होते आणि वर्णनाची जागा रिकामी होती. त्या वाक्यात वस्तूचे नावच नाही.

१८ एप्रिल

आज शीर्षक व वर्णनासाठी, लोक शोधताना वापरतात ते शब्द गोळा केले. हे काम संगणकावर सुरू न करता गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू करावे, असा माझा आग्रह आहे, कारण ज्या लोकांनी आतापर्यंत पैसे देऊन आगळ घेतले, त्यांनी ते कोणत्या शब्दांत मागितले हे तेथे लिहिलेले असते. हिशेब सांभाळणाऱ्या वहिनींनी मागील हंगामातील संदेश वाचून दाखवले आणि मी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. कोणी ‘सोलकढीचे आगळ’ मागितले होते, कोणी ‘कोकमाचा रस’, कोणी रोमन अक्षरांत `kokam agal` लिहिले होते. मुंबईहून आलेल्या एका संदेशात ‘माशांच्या आमटीला घालतात ते कोकम’ अशी मागणी होती. पुष्कळांचा पहिला प्रश्न साखर घातली आहे का, हा होता. तो प्रश्नही मी शब्दांच्या यादीत घेतला, कारण ज्या गोष्टीविषयी लोक विचारतात, तिच्याचविषयी ते शोधतात.

त्यानंतर यूट्यूबच्या शोधपट्टीत `kokum` टाइप करून खाली येणाऱ्या सूचना पाहिल्या. येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. ताईंच्या फोनवर त्यांच्या स्वतःच्या जुन्या शोधांचाच प्रभाव सूचनांवर पडत होता आणि त्यांच्याच चॅनेलचे नाव वर येत होते. ते पाहून ‘आपण तर पहिलेच येतो’ असा समज होतो. म्हणून ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, पुन्हा शोधले. तेथे सोलकढीची कृती आणि कोकम सरबताची कृती या सूचना वर आल्या, आणि `kokum agal` त्यांच्या खाली.

मराठी, कोकणी, हिंदी आणि रोमन लिपीतले शब्द एकत्र करून यादी बरीच लांब झाली. तिच्यातून काय गाळायचे, हा खरा प्रश्न आहे.

२३ एप्रिल

यादीतला सर्वाधिक मोहात पाडणारा शब्द ‘सिरप’ हा होता. `kokum syrup` आणि कोकम सरबत यांचा शोध मोठ्या प्रमाणावर होतो, हे सूचनांवरून दिसतच होते, आणि गटातील एका तरुण सभासदाने सुचवले की शीर्षकात तो शब्द घातला तर पाहणारे वाढतील. पाहणारे कदाचित वाढतीलही. तरीही तो शब्द घेऊ नये, असे माझे मत आहे आणि व्याख्यानाचा गाभा हाच ठेवायचे मी ठरवले.

कारण वस्तूतच आहे. पिकलेल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मिठात मुरवून जो गडद लाल रस सुटतो, ते आगळ. ते आंबट आणि चांगलेच खारट असते. मिठामुळेच ते फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकते. सरबतासाठी बाजारात मिळणारा पाक म्हणजे सालींत साखर मुरवून केलेला गोड अर्क, ज्याला अमृत कोकम म्हणतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात. सरबताचा पाक शोधणाऱ्याने ‘सिरप’ या शब्दावर विश्वास ठेवून आगळ मागवले, पाण्यात ढवळून पाहुण्यांना दिले, तर ती बाटली परत येते, किंवा परत न येता त्याखाली वाईट अभिप्राय येतो. मागील हंगामात असे दोन वेळा झाल्याचे वहिनींनी सांगितले, आणि त्या दोन्ही वेळा काचेच्या बाटलीचा कुरिअर खर्च गटानेच सोसला.

शोधाच्या बाजूनेही तोटा होतो. यूट्यूब शोधात व्हिडिओ वर आणताना शब्दांच्या जुळणीबरोबरच, त्या शोधावरून आलेले लोक तो व्हिडिओ किती पाहतात हेही विचारात घेते. गोड सरबताच्या आशेने आलेला माणूस पहिल्या काही सेकंदांतच निघून गेला, तर तो शब्द व्हिडिओला वर न नेता खाली नेतो.

म्हणून प्रत्येक शब्दाला लावायची कसोटी मी अशी लिहिली : हा शब्द टाइप करणाऱ्या माणसाला ही बाटली मिळाली तर तो समाधानी होईल का, आणि हा शब्द ज्या गोष्टीचा आहे ती व्हिडिओत प्रत्यक्ष दिसते का. ‘सोलकढी’ हा शब्द पहिल्या कसोटीला उतरतो, पण दुसऱ्या कसोटीला जुन्या व्हिडिओत उतरत नव्हता, कारण त्यात फक्त बाटल्या भरताना दाखवल्या होत्या. त्यामुळे शब्द गाळण्याऐवजी व्हिडिओच बदलायचे ठरले. नव्या व्हिडिओत नारळाच्या दुधात आगळ घालून सोलकढी करून दाखवायची. सोलकढीची कृती शोधणाऱ्याला आगळ लागतेच, त्यामुळे तो माणूस खरेदीदार होण्याची शक्यता खरी आहे.

२७ एप्रिल

नवा व्हिडिओ अंगणात सकाळच्या उजेडात काढला. तो सव्वाचार मिनिटांचा झाला. पहिल्याच वाक्यात ताई वस्तूचे पूर्ण नाव, ती खारट असून तिच्यात साखर नसल्याचे आणि ती कशासाठी वापरतात हे सांगतात; पूर्वी पहिले अर्धे मिनिट नमस्कार आणि गटाची ओळख यातच जात असे.

चित्रण एका सभासदाच्या फोनवर झाले आणि तिने ते व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे पाठवले. त्यामुळे चित्र इतके दाबले गेले की बाटलीवरील लेबल वाचता येईना. मूळ फाईल पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवल्यावर ती स्पष्ट आली. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाईल नंतर बदलता येत नाही, त्यामुळे चढवण्यापूर्वी ती मोठ्या पडद्यावर एकदा पाहून घ्यावी. या गोंधळात अर्धा दिवस गेला.

२९ एप्रिल

शीर्षक लिहिले. यूट्यूबच्या शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, परंतु फोनच्या पडद्यावर शोधाच्या यादीत त्यातले बरेचसे कापले जाते. म्हणून वस्तूचे नाव आणि तिचा उपयोग अगदी सुरुवातीला यावेत आणि गावाचे नाव शेवटी यावे, असा क्रम ठेवला. गटाचे नाव शीर्षकात घेतलेच नाही. ते चॅनेलच्या नावात आहे आणि नवीन खरेदीदार ते नाव शोधत नाही. यावर अध्यक्ष ताई थोड्या नाराज झाल्या, पण मागील हंगामातील कोणत्याही नव्या ग्राहकाच्या पहिल्या संदेशात गटाचे नाव नव्हते, हे वहीत दाखवल्यावर त्यांनी मान्य केले.

```
कोकम आगळ, साखर नसलेले : सोलकढी कशी करावी | Kokum Agal for Solkadhi, Goa
```

त्यानंतर वर्णन. ५००० अक्षरांपर्यंत जागा असते आणि ती भरून काढण्याची इच्छा होते. मात्र पाहणाऱ्याला आधी फक्त वरच्या एक-दोन ओळी दिसतात आणि उरलेले वर्णन उघडून पाहावे लागते. वरच्या दोन ओळींत मी वस्तू काय आहे, काय नाही आणि कशासाठी आहे एवढेच घेतले. बाटलीचे आकारमान, घटक आणि संपर्क त्याखाली ठेवले.

```
भिरंडाच्या सालींचे खारट कोकम आगळ. साखर नाही, रंग नाही. सोलकढी व माशांच्या आमटीसाठी.
Kokum agal, salted, no sugar. For solkadhi and fish curry. Pernem, Goa.

हे सरबताचे गोड सिरप नाही. एका वाटी नारळाच्या दुधाला दोन चमचे आगळ; मीठ चव पाहूनच घालावे.
बाटली : ५०० मिली. घटक : कोकम, मीठ.
मागणीसाठी व्हॉट्सअ‍ॅप : गटाच्या क्रमांकाची लिंक

0:00 आगळ म्हणजे काय
0:50 साली मिठात मुरवणे
2:10 सोलकढीची कृती
3:40 बाटली, साठवण व मागणी
```

‘हे सरबताचे गोड सिरप नाही’ ही ओळ मी फार विचार करून ठेवली. ती वाचून काही लोक निघून जातील आणि ते जायलाच हवेत. तिच्यामुळे ‘सिरप’ हा शब्द वर्णनात येतो, पण कोणाची फसवणूक न करता येतो.

शेवटच्या चार ओळी म्हणजे व्हिडिओचे भाग. ते आपोआप तयार होण्यासाठी पहिली वेळ 0:00 असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने द्याव्या लागतात आणि प्रत्येक भाग कमीत कमी १० सेकंदांचा असावा लागतो. पहिल्या मसुद्यात सुरुवात 0:05 पासून केलेली असल्यामुळे भाग दिसलेच नव्हते. ती एक वेळ बदलताच ते दिसू लागले. वेळेचे आकडे इंग्रजी कळफलकावरचे घेतले आहेत.

`Tags` या जागेवर कमीत कमी वेळ घालवावा. लोक ज्या शब्दांची अक्षरे चुकवतात, त्यांच्यासाठीच तिचा खरा उपयोग आहे, असे यूट्यूब स्वतःच सांगते. म्हणून तेथे `kokam`, `cocum`, `aagal`, `solkadi`, `sol kadi` एवढीच रूपे घातली. तीच रूपे वर्णनाच्या खाली ओळीने ओतणे मात्र टाळावे, कारण वर्णनात शब्दांचे असे ढीग घालणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो.

४ मे

व्याख्यानासाठी हातात देण्याचा कागद तयार केला. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता. तो वहिनींना वाचायला दिला आणि त्यांनी दुसऱ्या पानावर थांबून विचारले, ‘‘यातलं मी नेमकं लिहायचं कुठे?’’ त्यानंतर चारही पाने बाजूला ठेवून एकाच पानावर रिकाम्या जागा असलेला नमुना केला : वस्तूचे नाव, ती काय नाही, कशासाठी वापरतात, घटक, आकारमान, कोठून पाठवली जाते, संपर्क. हा कागद समोर ठेवून पेनने लिहायचे आणि नंतर फोनवर उतरवायचे. छपाईला अडीचशे रुपये लागले. प्रोजेक्टर भाड्याने आणण्याचा विचार होता. त्याचे भाडे आठशे रुपये सांगितले गेले, ते गटाला जड वाटले, म्हणून पंचायत सभागृहातील दूरदर्शन संचाला फोन जोडायचे ठरले.

संपर्काच्या रकान्याविषयी एक निर्णय झाला. आतापर्यंत प्रत्येक सभासद स्वतःचा क्रमांक टाकत असे आणि रात्री-अपरात्री नको ते फोन येत असत. आता गटासाठी एक वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर व्यवसायाचे व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले आहे, आणि सार्वजनिक वर्णनात फक्त तोच क्रमांक जाईल.

१० मे

व्याख्यान झाले. वेळ दुपारी तीनची होती, पण लग्नसराईमुळे सगळ्या येईपर्यंत पावणेचार वाजले. सभागृहात फोनची रेंज फारच कमी होती, त्यामुळे प्रत्यक्ष शोध करून दाखवण्याचा बेत फसला. पडद्यावरील सूचनांची चित्रे मी आधीच जपून ठेवली होती, म्हणून काम चालले. असे व्याख्यान देणाऱ्याने नेटवर्कवर विसंबू नये.

सुरुवातीला दोन बाटल्या समोर ठेवल्या, एक आगळाची आणि एक गोड पाकाची, दोन्हींवरचे लेबल झाकून. त्या न चाखता ओळखायला सांगितल्या आणि कोणालाच खात्रीने सांगता आले नाही. त्यानंतर ‘ही वस्तू काय नाही’ हा रकाना का हवा, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पुढचा अर्धा तास लिहिण्याचा होता. प्रत्येकीने स्वतःच्या वस्तूचा कागद भरला. येथे सर्वांत जास्त अडखळ उपयोगाच्या रकान्यात झाली. पापड करणाऱ्या काकींनी तेथे ‘खाण्यासाठी’ असे लिहिले होते. त्यांना मी विचारले की मागच्या वेळी कोणी मोठी मागणी दिली होती. त्या म्हणाल्या, ‘‘एका मुलीच्या लग्नाच्या जेवणाला नेलेले की.’’ मग रकान्यात ‘लग्नाच्या व सणाच्या जेवणासाठी, पाच किलोपासून’ असे लिहिले गेले. ही माहिती त्यांच्याकडे होतीच, ती लिहिण्याजोगी आहे असे मात्र त्यांना वाटत नव्हते. त्यामुळे पुढील वेळी या रकान्याचे नावच ‘शेवटचे गिऱ्हाईक हे कशासाठी घेऊन गेले’ असे ठेवणार आहे.

सोलांचे वर्णन लिहिताना प्रश्न आला की ‘सोलां’ लिहावे, ‘आमसूल’ लिहावे की ‘कोकम’. पुण्या-मुंबईचा ग्राहक आमसूल किंवा कोकम लिहितो आणि गोव्याचा माणूस बहुधा शोधत न बसता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातच घेतो. त्यामुळे शीर्षकात आमसूल आणि कोकम आधी, सोलां नंतर, असे ठरले.

तास संपला तेव्हा सर्व कागद भरलेले होते, पण फोनवर उतरवणे एकीचेही झाले नव्हते. एका तासात दोन्ही होत नाही. फोनवरच्या कामाला दुसरी बैठक लागते.

१३ मे

दुसरी बैठक ताईंच्या पडवीत घेतली. भरलेले कागद तपासताना दोन बाबींवर बराच वेळ द्यावा लागला.

एका कागदावर आगळाविषयी ‘वजन कमी करते, मधुमेहावर गुणकारी’ असे लिहिले होते. हे शब्द भरपूर शोधले जातात, हे खरे आहे. तरीही ते काढून टाकले. विक्रीसाठीच्या व्हिडिओचे वर्णन ही जाहिरातच असते. औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ च्या यादीत मधुमेह आणि स्थूलपणा हे दोन्ही आहेत आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील दाव्यांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. त्याशिवाय साधी गोष्ट अशी की आगळात भरपूर मीठ असते, आणि ज्याला मीठ कमी खायला सांगितले आहे अशा माणसाला आपण ते औषध म्हणून विकता कामा नये. त्या ओळीच्या जागी अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक घातला, जो नव्या ग्राहकाला अधिक उपयोगी पडतो.

दुसरी बाब मिरचीपुडीची. शीर्षकात ‘खोला मिरची’ घातले तर शोधात वर येईल, असे एकीने सुचवले. खोला मिरची काणकोण तालुक्यातील. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते नाव त्या भागातील नोंदणीकृत उत्पादकांसाठीच आहे. गटाची मिरची पेडण्यातील शेतातली आहे. हरमलच्या मिरचीलाही मानांकन आहे, परंतु गटातील कोणाची त्यासाठी नोंदणी नाही, म्हणून तेही नाव घेतले नाही. शेवटी ‘पेडणे येथील घरची मिरचीपूड, मध्यम तिखट, माशांच्या हुमणासाठी’ असे लिहिले. हे नाव कमी शोधले जाईल आणि त्याला आमचा इलाज नाही.

२० मे

आज नुकसान झाले. एका सभासदाने आगळाच्या जुन्या व्हिडिओचे शीर्षक बदलण्याऐवजी तो व्हिडिओच काढून टाकला आणि पुन्हा चढवला. शीर्षक बदलले की पाहणाऱ्यांची संख्या शून्य होते, तेव्हा नव्यानेच सुरुवात करावी, असे तिला कोणीतरी सांगितले होते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. शीर्षक आणि वर्णन कितीही वेळा बदलले तरी व्हिडिओचा पत्ता व पाहणाऱ्यांची संख्या तशीच राहते. काढून पुन्हा चढवला, तर मात्र पत्ता नवा मिळतो आणि सर्व शून्यापासून सुरू होते. जुन्या पत्त्याचे क्यूआर कोड असलेली लेबले बाटल्यांवर लावून झाली होती आणि तो कोड आता ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ असे दाखवतो.

तयार बाटल्यांवर नवी छोटी चिकटपट्टी लावण्याचा खर्च सहाशे रुपये आला आणि दोघींची एक दुपार गेली. नव्या कोडमध्ये एका व्हिडिओचा पत्ता न घालता चॅनेलच्या मुख्य पानाचा पत्ता घातला आहे, म्हणजे एखादा व्हिडिओ गेला तरी लेबल वाया जाणार नाही. ही सूचना नमुन्याच्या कागदावर सर्वांत वर ठळक अक्षरांत छापायला हवी होती; आता छापली आहे.

१२ जून

नवा व्हिडिओ खुला करून महिना झाला. स्टुडिओतील `Analytics` मध्ये `Traffic source` या भागात `YouTube search` वर गेल्यास लोक कोणते शब्द टाइप करून आले याची यादी दिसते. पहिले दोन आठवडे ती यादी रिकामी होती आणि काही जणींना काम फसल्यासारखे वाटले. पाहणारे फार कमी असतील तर यूट्यूब हे शब्द दाखवतच नाही. आता यादी दिसू लागली आहे आणि तिच्यात `kokum agal`, `solkadhi agal`, ‘कोकम आगळ’ असे शब्द आहेत. संख्या लहान आहे. बहुतेक पाहणारे अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरूनच येतात.

तरीही फरक कोठे पडला, हे वहिनींच्या वहीवरून कळते. नव्या क्रमांकावर येणाऱ्या अनोळखी लोकांच्या संदेशांत आता ‘साखर आहे का’ हा प्रश्न जवळजवळ येत नाही. ते थेट बाटल्यांची संख्या आणि पिनकोड लिहितात. गोड निघाले नाही म्हणून तक्रारही आलेली नाही.

यादीत `kokum agal price` हाही एक शब्द सापडला. वर्णनात किंमत नव्हती, कारण हंगामानुसार ती बदलते. यावर चर्चा होऊन किंमत घालायचे ठरले, पण ‘या हंगामातील किंमत’ असे लिहून. ती वेळोवेळी बदलण्याची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे.

३० जून

हिंदी भाषक ग्राहकांसाठी स्टुडिओत मूळ भाषा मराठी अशी नोंदवून शीर्षक व वर्णन यांचे हिंदी रूप वेगळे जोडले. त्यामुळे एकाच व्हिडिओवर काम भागते आणि मुख्य शीर्षकात तीन भाषांची गर्दी होत नाही. हिंदी मजकुराचा अनुवाद गटातील शिक्षिका असलेल्या सभासदाने केला. तिने तो मोठ्याने वाचून दाखवल्यावर ‘खारट’साठी योजलेला शब्द बदलला, कारण त्यातून वस्तू बिघडल्याचा अर्थ निघत होता. तेथे आता ‘नमक मिला हुआ’ असे आहे.

उरलेले काम असे आहे. सोलांचा व्हिडिओ अजून उभाच आहे आणि तो आडवा काढायचा, तर पुढील हंगामापर्यंत थांबावे लागेल, कारण साली वाळवणे पावसात दाखवता येत नाही. तोपर्यंत त्या शॉर्टला आगळाचा आडवा व्हिडिओ `Related video` म्हणून जोडला आहे, म्हणजे निदान त्यावरून दाबता येणाऱ्या लिंकपर्यंत जाता येते. पापडाचे वर्णन काकींनी स्वतः फोनवर उतरवले आहे. त्यात आकारमान राहून गेले होते, ते चवथीच्या मागण्या सुरू होण्यापूर्वी त्या घालणार आहेत.